फोटोग्राफर आलाच नाही : करार संपवताना आणि आगाऊ रक्कम परत मागताना

लग्नसराई आली की हॉल, आचारी आणि फोटोग्राफर या तिघांना आपण आधी पैसे देतो आणि काम नंतर पाहतो. हॉल जागेवरून हलत नाही. आचारी ऐन वेळी अडला तर मोहल्ल्यातला दुसरा कोणीतरी डेग चढवतो. फोटोग्राफरचं तसं नाही. ईजाब-कबूलची दोन मिनिटं निघून गेली, तर ती पुन्हा घडवून आणता येत नाहीत. म्हणूनच फोटोग्राफरने कार्यक्रम चुकवला की घरात पहिल्यांदा रडारड होते, मग फोनवर भांडण होतं आणि शेवटी 'जाऊ दे, पैसे बुडाले' असं म्हणून विषय मिटतो.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. त्यामुळे अर्ज, तक्रारी, नोटिशीचं उत्तर अशी कागदपत्रं लिहून घ्यायला आसपासचे लोक माझ्याकडे येतात. गेल्या हंगामात कोकणातल्या एका कुटुंबाचं असंच एक प्रकरण मी जवळून पाहिलं. पैसे परत मिळाले, आणि तेही कोर्टाची पायरी न चढता. ते कसे मिळाले हे टप्प्याटप्प्याने सांगते, कारण अशा भांडणात फोटोग्राफर किती चुकला यापेक्षा आपण कोणत्या दिवशी काय लिहिलं यावर निकाल जास्त अवलंबून असतो.

काय ठरलं होतं

मुलीकडच्यांनी तालुक्याच्या गावातल्या एका स्टुडिओशी ८५,००० रुपयांचं पॅकेज ठरवलं होतं. व्हॉट्सअॅपवर आलेल्या कोटेशनमध्ये प्रत्येक कामाची रक्कम वेगळी लिहिलेली होती. मंगनीचे १२,०००, मशिदीतल्या निकाहचे १८,०००, निकाहनंतर दूल्हा-दुल्हनच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या शूटचे १०,०००, महिलांच्या मेंदीचे १३,०००, रुखसतीचे २२,००० आणि अल्बम व व्हिडिओच्या जुळणीचे १०,००० रुपये. मेंदीला फक्त महिला फोटोग्राफर येईल, हेही त्यात होतं. घरातल्या बायकांनी फोटो काढायला संमती दिली ती याच अटीवर.

बुकिंगला १५,००० आणि मंगनी झाल्यावर ३०,००० असे ४५,००० रुपये दिले गेले. पहिली रक्कम रोख होती, दुसरी यूपीआयने. स्टुडिओच्या पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं होतं की आगाऊ रक्कम कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही.

मंगनी चांगली पार पडली. पुढे ७ नोव्हेंबरला जुम्माच्या नमाजनंतर मशिदीत निकाह होता. फोटोग्राफर पोचला तेव्हा सव्वा तास उलटून गेला होता. निकाह पढवून झाला होता, छुहारे वाटून झाले होते. कुवेतहून खास आलेले मुलीचे मामू वकील म्हणून बसले होते. त्या क्षणाचा एकही फोटो निघाला नाही. फोटोग्राफरने जेवणाचे आणि घरच्यांचे मिळून साठेक फोटो काढले आणि गेला. मग १६ नोव्हेंबरला सकाळी साडेसहाला किनाऱ्यावर शूट ठरलं होतं. दूल्हा-दुल्हन तयार होऊन पोचले. फोटोग्राफर आला नाही, फोनही दहा वाजेपर्यंत बंद. मेंदी २० डिसेंबरला आणि रुखसती २१ डिसेंबरला होती. म्हणजे हातात जेमतेम पाच आठवडे होते.

उशिरा आलेल्याचं काम घेतलं, तरी त्याच दिवशी लिहा

निकाहच्या दिवशी उशिरा आलेल्या फोटोग्राफरला परत पाठवणार कोण? पाहुणे समोर असतात, वाद नको वाटतो, आणि जे फोटो मिळतील ते तरी मिळू देत असा विचार असतो. तो बरोबरही आहे. मात्र भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम ५५ मधली एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. ज्या कामात वेळ हाच कराराचा गाभा आहे, ते काम वेळेवर झालं नाही तर करार, किंवा त्याचा न झालेला भाग, रद्द करायचा हक्क आपल्याला मिळतो. निकाहचे फोटो हे अशा कामाचं अगदी उघड उदाहरण आहे. पण उशिरा झालेलं काम आपण मुकाट्याने स्वीकारलं, तर त्या उशिराची भरपाई नंतर मागता येत नाही. स्वीकारतानाच 'आम्ही भरपाईचा हक्क सोडलेला नाही' असं कळवावं लागतं.

या कुटुंबात मुलीच्या मोठ्या भावाने निकाहच्याच दिवशी संध्याकाळी एक मेसेज पाठवला होता. तो इतका साधा होता : 'भाई, आज निकाहची वेळ २ वाजताची ठरली होती. आपण ३.१५ ला आलात. निकाहचे फोटो निघाले नाहीत. जे फोटो काढलेत ते आम्ही घेत आहोत, पण उशिराबद्दल आमची तक्रार आहे आणि त्याचा हिशेब आम्ही करणार आहोत.' फोटोग्राफरने उत्तर दिलं, 'सॉरी भैय्या, दुसरीकडे अडकलो होतो.' हे पाच शब्द पुढे फार उपयोगी पडले. उशीर झाला हे त्याने कबूल केलं होतं आणि कारणही स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं.

त्याच दिवशी त्याच स्टुडिओच्या इन्स्टाग्रामवर दुसऱ्या एका लग्नाचे फोटो झळकले. एका दिवशी दोन कामं घेतली की असंच होतं. छोटे स्टुडिओ हंगामात जास्त बुकिंग घेतात आणि ऐन वेळी बाहेरचा फ्रीलान्सर रोजंदारीवर बोलावतात. तो दुसऱ्याने जास्त पैशात पळवला की आपला कार्यक्रम रिकामा राहतो. म्हणून 'कोणीतरी येईलच' हे उत्तर आलं की धोका ओळखावा. येणाऱ्या माणसाचं नाव आणि नंबर मागावा. ज्याने खरोखर माणूस ठरवलेला असतो, तो नाव सांगायला वेळ लावत नाही.

रागाच्या फोनवर करार तोडू नका

किनाऱ्यावरचं शूट चुकलं त्या सकाळी मुलीचे अब्बा फोन हातात घेऊन बसले होते. 'आता येऊच नकोस, आम्हाला तुझं काम नको' एवढंच त्यांना सांगायचं होतं. त्यांच्या बेगमने फोन काढून घेतला, आणि फार चांगलं केलं.

त्याचं कारण असं. 'तुम्ही नको' हे वाक्य आपल्या तोंडून आधी गेलं, तर फोटोग्राफर म्हणू शकतो की मी यायला तयार होतो, बुकिंग ग्राहकानेच रद्द केलं, मग पावतीवरची अट लागू झाली. करार कोणी मोडला हा सगळ्या वादाचा खिळा आहे. मोडलेला करार आपण संपवत आहोत, हे कागदावर दिसलं पाहिजे. त्यासाठी आधी त्याला एक शेवटची, नेमकी आणि मुदतीची संधी द्यायची.

१७ नोव्हेंबरला मेसेज गेला. त्यात तीनच प्रश्न होते. मेंदीला येणाऱ्या महिला फोटोग्राफरचं नाव व नंबर काय? रुखसतीला कोण आणि किती वाजता येणार? निकाह आणि किनाऱ्यावरचं शूट यांचे पैसे तुम्ही कसे वळते करणार? उत्तराची मुदत १९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६ वाजेपर्यंत. उत्तर आलं : 'टेन्शन घेऊ नका, होऊन जाईल.' नाव नाही, नंबर नाही, पैशाबद्दल अक्षर नाही.

इथे कोणी विचारेल की दोन कार्यक्रम चुकले म्हणून उरलेले दोन काढून घेता येतात का? एखादा फोटोग्राफर वीस मिनिटं उशिरा आला, तेवढ्यावरून सगळं पॅकेज मोडायला निघालो तर आपली बाजू लंगडी पडते. इथे दोन ठरलेली कामं हातातून गेली होती, एकाचं कारण दुसरं बुकिंग हे लेखी होतं, आणि पुढच्या कामाची हमी मागूनही मिळाली नव्हती. या तीन गोष्टी एकत्र आल्या की उरलेल्या कामावर विसंबून राहायला कोणी आपल्याला भाग पाडू शकत नाही. कायद्याच्या भाषेत, एका पक्षाने वचन पुरं करायला नकार दिला किंवा स्वतःला त्यासाठी असमर्थ करून घेतलं तर दुसरा पक्ष करार संपवू शकतो. कलम ३९ हेच सांगतं. पण दुसऱ्या पक्षाने शब्दाने किंवा वागण्याने करार चालू ठेवायला संमती दर्शवली असेल, तर हा हक्क राहत नाही. म्हणून १९ तारखेनंतर 'बरं, बघू' असं म्हणत थांबणं नुकसानीचं ठरलं असतं.

हिशेब आधी, मागणी नंतर

करार आपण संपवला की ज्याचा लाभ आपण घेतला, त्याची किंमत आपल्याला द्यावी लागते. कलम ६४ हेच म्हणतं, आणि व्यवहाराची नियतही हेच म्हणते. '४५,००० च्या ४५,००० परत द्या' ही मागणी ऐकायला जोरदार, पण खोटी. मंगनीचे फोटो तर घरात सगळ्यांनी पाहिले होते.

आम्ही कोटेशन समोर ठेवून बसलो. मंगनीचं काम पूर्ण झालं, त्याचे १२,००० फोटोग्राफरचे. निकाहच्या १८,००० पैकी मुख्य क्षण हुकला, पण साठ फोटो मिळाले. त्याचा एक तृतीयांश म्हणजे ६,००० मान्य केले. किनाऱ्यावरच्या शूटचे शून्य. मेंदी, रुखसती आणि अल्बम हे पुढचं काम, त्याचेही शून्य. एकूण देणं झालं १८,०००. दिलेले ४५,०००. परत यायला हवेत २७,०००.

आणखी एक रक्कम होती. दुसऱ्या फोटोग्राफरने कमी मुदतीत मेंदी आणि रुखसतीचे ४२,००० सांगितले. जुन्या कोटेशनमध्ये त्याच दोन कामांचे ३५,००० होते. वरचे ७,००० हे सरळ सरळ पहिल्याच्या चुकीमुळे वाढलेले. कलम ७३ आणि ७५ प्रमाणे अशी भरपाई मागता येते, पण दुसऱ्या फोटोग्राफरचं कोटेशन हातात हवं आणि ते बाजारभावाला धरून हवं. आधी साधं पॅकेज होतं आणि आता ड्रोन-क्रेनसह मोठं घेतलं, तर तो फरक मागता येत नाही.

कोटेशनमध्ये कार्यक्रमवार रक्कम नसेल तर काय? मग कामाचे तास आणि येणारी माणसं यांच्या प्रमाणात वाटणी करावी, आणि ती कशी केली हे लिहावं. समोरच्याला ती चुकीची वाटली तर त्याने आपली वाटणी मांडावी. आकड्यावर चर्चा सुरू झाली की अर्धं भांडण संपलेलं असतं.

पत्र कसं गेलं

२० नोव्हेंबरला पत्र गेलं. व्हॉट्सअॅपवर त्याचा फोटो आणि मूळ प्रत स्पीड पोस्टने. पोस्टाची पावती आणि पत्र पोचल्याची ऑनलाइन नोंद जपून ठेवली. पत्र असं होतं :

'प्रति, संचालक, ____ फोटो स्टुडिओ.

विषय : छायाचित्रणाचा करार संपवणे आणि आगाऊ रकमेतील २७,००० रुपये परत मिळणे.

महोदय, माझ्या मुलीच्या निकाहसंबंधी पाच कार्यक्रमांचे छायाचित्रण व अल्बम यांसाठी आपले ८५,००० रुपयांचे कोटेशन आम्ही स्वीकारले आणि दोन हप्त्यांत ४५,००० रुपये दिले. मंगनीचे काम आपण पूर्ण केले. ७ नोव्हेंबरच्या निकाहला आपण सव्वा तास उशिरा आलात. त्याची तक्रार त्याच दिवशी लेखी केली आहे. १६ नोव्हेंबरच्या शूटला आपल्याकडून कोणीही आले नाही. १७ नोव्हेंबरच्या मेसेजमध्ये पुढील कामाबद्दल विचारलेल्या तीन प्रश्नांची उत्तरे मुदतीत मिळाली नाहीत. म्हणून आपल्याकडून झालेल्या करारभंगामुळे उरलेल्या कामाचा करार आम्ही आजपासून संपवत आहोत. २० व २१ डिसेंबरला आपण येऊ नये.

झालेल्या कामाचे १८,००० वजा करून २७,००० रुपये हे पत्र मिळाल्यापासून ७ दिवसांत खालील खात्यावर जमा करावेत. बदली व्यवस्थेमुळे वाढलेल्या ७,००० रुपयांवरील आमचा हक्क राखून ठेवला आहे. मंगनी व निकाहचे सर्व मूळ फोटो पेन ड्राइव्हवर द्यावेत. आमच्या घरातील महिलांचे फोटो कुठेही प्रसिद्ध करू नयेत. मुदतीत रक्कम न मिळाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल.'

पत्रात एकही विशेषण नाही. 'फसवणूक', 'लबाडी', 'पोलिसांत देतो' असलं काही नाही. पोलिसांची धमकी इथे पोकळ असते. सुरुवातीपासून फसवायचाच हेतू होता असं दिसलं तरच गुन्ह्याचा प्रश्न येतो. ठरलेलं काम नीट न करणं हा दिवाणी वाद आहे, आणि ठाण्यातून तेच उत्तर मिळतं. समोरच्याला हे ठाऊक असतं. ग्राहक आयोगाचं नाव मात्र तो गंभीरपणे घेतो.

रोख दिलेल्या १५,००० चा पुरावा काय, असा प्रश्न आला होता. पावती होतीच. ती नसती, तर वाद चिघळण्याआधी 'आपल्याला आतापर्यंत १५,००० रोख आणि ३०,००० ऑनलाइन पोचले आहेत ना?' असा मेसेज करून त्याचं 'हो' मिळवून ठेवणं हा सोपा उपाय आहे.

'परत मिळणार नाही' ही छापील अट

अपेक्षेप्रमाणे पहिलं उत्तर आलं ते पावतीच्या मागच्या ओळीचं. हा घोळ मराठीतल्या दोन शब्दांनी सुटतो. इसार म्हणजे मी व्यवहार मोडणार नाही याची खूण म्हणून दिलेला पैसा. तो देणाऱ्यानेच व्यवहार मोडला तर तो जप्त होण्याचा प्रश्न येतो. आगाऊ रक्कम म्हणजे किमतीचाच एक भाग, आधी दिलेला. पावतीवर काय छापलंय यापेक्षा पैसे कशासाठी दिले हे पाहिलं जातं. आणि ज्याने स्वतः काम चुकवलं, त्याला त्या अटीचा आधार घेऊन न केलेल्या कामाचे पैसे ठेवता येत नाहीत. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये एकतर्फी, ग्राहकाच्या हक्कांना धक्का लावणाऱ्या अटींना 'अनुचित करार' म्हटलं आहे.

उलट बाजूही पाहायला हवी. लग्न आपल्याच घरातून पुढे ढकललं गेलं, किंवा आपल्याला दुसरा स्वस्त फोटोग्राफर मिळाला म्हणून बुकिंग मोडलं, तर सगळी रक्कम मागणं न्याय्य नाही. त्याने ती तारीख आपल्यासाठी राखली, दुसरं काम नाकारलं. तेव्हा वाजवी नुकसान त्याला मिळायला हवं. कलम ७४ प्रमाणेही वाजवीच, वाटेल तेवढं नाही. आपल्या फिकहमध्येही ग्राहकाने सौदा सोडल्यावर बयाणा जप्त करण्याचा हा प्रश्न 'अरबून' या नावाने जुना आहे. हनफी, शाफई आणि मालिकी उलमांनी असा सौदा नाजायज मानला, हंबली मजहबमध्ये त्याला परवानगी आहे. पण तो मतभेद ग्राहकाने माघार घेतल्याबद्दलचा आहे. काम न करणाऱ्याने मजुरी ठेवावी, असं कोणी म्हटलेलं नाही.

आणि फोटोग्राफरवर खरोखरच संकट आलं असेल तर? समजा रस्त्यात अपघात झाला, किंवा घरात मयत झाली. तेव्हा भरपाईची भाषा करू नये. पण न झालेल्या कामाचे पैसे तेव्हाही परत यायला हवेत, कारण काम अशक्य झालं तरी आधी घेतलेला लाभ परत करण्याची जबाबदारी उरतेच. म्हणूनच आमच्या पत्रात २७,००० आणि ७,००० या दोन रकमा वेगळ्या ठेवल्या होत्या. पहिली परतफेड आहे, दुसरी भरपाई.

बैठक आणि तडजोड

२८ नोव्हेंबरला फोटोग्राफर स्वतः घरी आला. पैसे खर्च झाले, असं म्हणाला. त्यात थोडं तथ्यही होतं, कारण मेंदीच्या महिला फोटोग्राफरला त्याने काही रक्कम आगाऊ दिली होती. पण ती कोणाला, कधी आणि किती दिली हे त्याला सांगता येईना. आधी १०,००० देतो म्हणाला. मुलीच्या भावाने हिशेबाचा कागद पुढे सरकवला आणि विचारलं, 'यातली कोणती ओळ चूक आहे ते दाखवा.' निकाहच्या ६,००० वर थोडी घासाघीस झाली, बाकीच्या ओळींवर त्याला बोट ठेवता आलं नाही.

शेवटी ठरलं ते असं. २७,००० पूर्ण परत, त्यातले १५,००० त्याच दिवशी यूपीआयने आणि १२,००० पंधरा दिवसांनी, पुढच्या तारखेच्या धनादेशाने. कुटुंबाने ७,००० चा दावा सोडला. त्याच्या बदल्यात फोटोग्राफरने सगळे मूळ फोटो लगेच द्यायचे आणि आपल्या जवळच्या प्रती पुसायच्या. हे दोन परिच्छेदांत लिहिलं, दोघांनी सह्या केल्या. 'सर्व हिशेब पूर्ण' हे शब्द मात्र त्या दिवशी लिहिले नाहीत. धनादेश वटल्यावर तसं लिहून देऊ, असं नमूद केलं. पूर्ण फेडीची सही आधी दिली की राहिलेल्या हप्त्यासाठी हातात काही उरत नाही.

फोटो कोणाचे

या भांडणात पैशाच्या धांदलीत एक गोष्ट विसरली जाते. करार संपला तरी आपल्या घरातल्या मुली-सुनांचे फोटो स्टुडिओच्या कार्डवर आणि संगणकावर असतात. इथे मंगनीचे दोनशेच्या वर फोटो होते, त्यांतले बरेचसे जनान्यातले.

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, कोणी मोबदला देऊन सांगून फोटो काढून घेतला असेल आणि उलटा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक फोटो काढून घेणारा असतो. म्हणजे ज्या फोटोंचे पैसे आपण दिले, ते जाहिरातीसाठी इन्स्टाग्रामवर टाकायचा हक्क फोटोग्राफरला आपोआप मिळत नाही. मात्र अनेक कोटेशनमध्ये 'स्टुडिओ फोटो प्रसिद्धीसाठी वापरू शकेल' अशी ओळ असते. ती मान्य केली तर तोच उलटा करार झाला. ती ओळ बुकिंगच्याच दिवशी खोडून घ्यावी.

परत घेताना क्रम पाळावा. आधी मूळ फोटो आपल्याकडे घ्या, घरी उघडून पाहा, मोजा, मगच पुसायला सांगा. उलट केलं तर पेन ड्राइव्ह रिकामा निघाल्यावर हात चोळत बसावं लागतं. आणि पुसल्यावर 'सर्व प्रती पुसल्या, कोठेही पाठवलेल्या नाहीत' एवढा मेसेज त्याच्याकडून घ्यावा. त्याने खरंच पुसले का, हे आपल्याला पाहता येत नाही. पण उद्या एखादा फोटो कुठे दिसला तर ते लेखी वचन आपल्या हातात असतं.

पैसे आलेच नाहीत तर

सगळेच फोटोग्राफर घरी येऊन बसत नाहीत. पत्राची मुदत संपली की आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवता येते. तिथून समोरच्याला विचारणा होते, पण हेल्पलाइन हुकूम देऊ शकत नाही. हुकूम देतो तो जिल्हा ग्राहक आयोग. स्टुडिओ दुसऱ्या जिल्ह्यात असला तरी आपण जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, वकील लावणं सक्तीचं नाही आणि तक्रार ई-जागृति पोर्टलवरून ऑनलाइनही देता येते. काम चुकल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. तक्रार दाखल करून घेतल्यावर समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस, आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. निकाल लागायला मात्र कायद्यात लिहिलंय त्याहून जास्त वेळ जातो. म्हणून २७,००० साठी घरातली तडजोड बरी की आयोग, हे समोरचा किती देऊ करतो ते पाहून ठरवावं.

आयोगाकडे जायचं ठरलं तर व्हॉट्सअॅपचा संवाद हा मुख्य पुरावा. नुसते स्क्रीनशॉट पुरेसे होतीलच असं नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे त्यांच्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. ज्या फोनवर संवाद झाला तो विकू नये, त्यातले मेसेज पुसू नयेत. फेसबुकवर स्टुडिओचं नाव घेऊन शिव्या घालण्याचा मोह मात्र आवरावा. बदनामीचा उलटा दावा अंगावर आला की आपलं साधं प्रकरण अवघड होऊन बसतं.

त्या घरी २० डिसेंबरला मेंदीला नव्या स्टुडिओची मुलगी वेळेवर आली. या वेळी कोटेशनवर आधीच लिहून घेतलं होतं : प्रत्येक कार्यक्रमाची वेगळी रक्कम, येणाऱ्या माणसाचं नाव, पोचायची वेळ, न आल्यास त्या कार्यक्रमाची रक्कम तीन दिवसांत परत, आणि फोटो कुठेही प्रसिद्ध न करणं. फोटोग्राफर मुलीने वाचलं, सही केली आणि म्हणाली, 'खाला, असं सगळे लिहून घेतील तर आमचंही बरं होईल. नंतर पैशासाठी आम्हालाही फिरावं लागतं.' जुन्या स्टुडिओचा १२,००० चा धनादेश त्याआधीच्या आठवड्यात वटला होता, आणि त्याच संध्याकाळी हिशेब पूर्ण झाल्याचा कागद त्याला पाठवून दिला होता.